गोदाकाठचे पूरफोटो : प्रकल्पाच्या नोंदी, मे २०२५

३ मे

आजपासून प्रत्यक्ष फोन गोळा करायला सुरुवात. गोदाकाठच्या घरांत आणि दुकानांत २०१६ आणि २०१९ च्या पुराचे जे फोटो लोकांच्या फोनमध्ये पडून आहेत, ते मूळ फाइलच्या रूपात जमवायचे, एवढंच आपलं काम. मूळ फाइलचा आग्रह धरण्याचं कारण असं, की नाशिकचा पूर अजूनही गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजला जातो. पाणी मारुतीच्या पायाला लागलं, कमरेला आलं, छातीला आलं, असंच माणसं सांगतात. एकाच दिवसाचे दहा फोटो मिळाले आणि प्रत्येकाची घड्याळातली वेळ कळली, तर पाणी किती झपाट्यानं चढलं ते मांडता येतं. ही वेळ फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेली असते. ती पुसली गेली, की उरतं नुसतं चित्र.

पहिला फोन रामकुंडाजवळ पूजासाहित्याचं दुकान असलेल्या काकांचा. ४ ऑगस्ट २०१९ ला ते दिवसभर वरच्या मजल्याच्या खिडकीत उभे राहून फोटो काढत होते, हे आसपासच्या सगळ्यांना माहीत आहे. एकाच खिडकीतून, एकाच कोनातून, दिवसभर. आमच्यासाठी याहून मोलाचा संच दुसरा नाही.

गॅलरी उघडली तर २०२१ च्या आधीचं काहीच नाही. काका शांत होते. "फोनमधून मी काढलेत ते. फोन भरला होता. पण वर गुगलवर सगळे आहेत, बॅकअप चालू आहे माझा." लॅपटॉपवर त्यांच्या खात्यातून photos.google.com उघडलं. तिथंही २०१९ नाही. काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "असं कसं? मी तर फक्त फोनमधले काढले."

४ मे

आज दुकानाच्या मागच्या खोलीत बसून नेमकं काय झालं ते काकांकडून समजून घेतलं. घाई केली नाही. अशा वेळी पहिल्या पाच मिनिटांत केलेली खटपट जास्त नुकसान करते. म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवलं, की कचरापेटीला कुणीही हात लावायचा नाही आणि जागा मोकळी करणारं कुठलंही ॲप चालवायचं नाही.

महाशिवरात्रीला घाटावर गर्दी होती. काकांना व्हिडिओ घ्यायचा होता आणि फोन म्हणाला, जागा नाही. रात्री दुकान बंद केल्यावर त्यांनी गुगल फोटोज उघडलं, सर्वांत जुन्या फोटोंपाशी गेले आणि बोट दाबून ओढत ओढत निवड करत सुटले. ४ ऑगस्ट २०१९ हा दिवस आला आणि फोटो संपता संपेनात. त्या दिवसाच्या मध्यावर कुठंतरी कंटाळून त्यांनी निवड थांबवली आणि डिलीट दाबलं. उरलेले गुढीपाडव्याच्या सुट्टीत तसेच काढले. दोन्ही वेळा स्क्रीनवर सूचनेची पाटी आली होती, ती त्यांना आठवतेही. पण वर कॉपी आहे या भरवशावर त्यांनी ती वाचली नाही.

घोटाळा या भरवशात आहे आणि तो फक्त काकांचा नाही. ॲपमध्ये 'बॅकअप' असं लिहिलेलं असतं आणि फोटो वर चढण्यापुरतं ते खरंही आहे. फोन गोदावरीत पडला, चोरीला गेला, बिघडला, तर वरची प्रत शाबूत राहते. पण एकदा फोटो वर गेला, की त्या ॲपच्या दृष्टीनं फोनमधला आणि वरचा मिळून एकच फोटो असतो. तिथं डिलीट दाबलं तर तो हुकूम दोन्हीकडे जातो आणि त्या खात्याला जोडलेल्या इतर फोन-टॅबलेटवरही पोचतो. ही सिंकची रीत. दोन जागा सारख्या ठेवणं हे तिचं काम, आणि पुसणं हाही तिच्या लेखी एक बदलच. काकांनी ते ऐकलं आणि त्यांच्या भाषेत पक्कं केलं : "म्हणजे उधारीच्या वहीत मी इकडं नाव खोडलं, की घरच्या वहीतही आपोआप खोडलं जातं. मग दुसरी वही ठेवून उपयोग काय?"

मग कचरापेटी उघडली. वर चढलेले फोटो डिलीट केल्यावर गुगल फोटोजच्या कचरापेटीत ६० दिवस राहतात, नंतर कायमचे जातात. जे वर चढलेलेच नसतात, त्यांना ३० दिवस मिळतात. आता हिशोब. महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती. तिचे ६० दिवस २७ एप्रिलला भरले, म्हणजे आम्ही पोचण्याच्या आठवडाभर आधी. गुढीपाडवा ३० मार्चचा. त्याची मुदत २९ मेपर्यंत आहे. म्हणून पेटीत ४ ऑगस्टच्या दुपारपासूनचे फोटो होते आणि सकाळचा एकही नव्हता. पाणी पायऱ्या चढत येतानाचा भाग नेमका गेला.

जे होते ते सगळे निवडून Restore केले. लायब्ररीत परत आल्यावर लगेच, तिथल्या तिथं, लॅपटॉपवर उतरवून घेतले. फक्त लायब्ररीत परत आणून थांबलं असतं, तर ते पुन्हा त्याच एका डिलीटच्या टप्प्यात राहिले असते.

एक गोष्ट जिवाला लागली. काकांचे २०१९ चे फोटो तेव्हाच्या 'हाय क्वालिटी' पर्यायात वर चढले होते. १ जून २०२१ च्या आधी त्या पर्यायात चढलेले फोटो खात्याच्या मोफत १५ जीबीत धरलेच जात नाहीत. म्हणजे ते वरून पुसल्यानं खात्यात जागा तसूभरही वाढली नाही. वाढली ती फोनमध्ये. आणि तेवढ्यासाठी ॲपमध्ये Free up space ही वेगळी सोय आहे, जी वर चढलेल्या फोटोंची फक्त फोनमधली प्रत काढते आणि वरची तशीच ठेवते.

६ मे

गटातल्या प्रत्येकाला हे डोळ्यांनी दिसायला हवं, म्हणून आज चाचणी. कागदावर मोठ्या अक्षरात 'चाचणी १', 'चाचणी २' असं लिहून फोटो काढले, ते वर चढू दिले आणि प्रत्येक कागद वेगळ्या जागेवरून पुसला.

गुगल फोटोज ॲपमधून साधं डिलीट : फोनमधून गेला, लॅपटॉपवरूनही गेला. फोटो उघडून मेनूतलं Delete from device : फक्त फोनमधून गेला, लॅपटॉपवर राहिला. लॅपटॉपच्या ब्राउझरमधून डिलीट : वरचा लगेच गेला आणि फोनवर मागाहून विचारणा आली, की ही प्रतही कचऱ्यात टाकायची का. त्या विचारणेला माणूस सवयीनं 'हो' म्हणतो, हे समोरच पाहायला मिळालं.

फोनच्या कंपनीनं दिलेल्या गॅलरीतून पुसल्यावर आमच्या हातातल्या फोनवर वरची प्रत राहिली. पण काही गॅलऱ्या स्वतःच एखाद्या क्लाउडला जोडलेल्या असतात, तिथं असंच होईल असं गृहीत धरायचं नाही. ज्याचा फोन, त्यानं त्याच फोनवर एक चाचणीचा कागद पुसून बघायचा आणि मगच बोलायचं.

यातून आमच्यापुरती एक व्याख्या ठरली आणि ती वहीच्या पहिल्या पानावर लिहिली. फोनवरचं डिलीट ज्या प्रतीपर्यंत पोचू शकत नाही, ती बॅकअप. बाकी सगळ्या प्रती चालू वापराच्या.

Free up space बद्दलही इथंच लिहून ठेवतो, कारण चाचणी बघून गटातल्या एकानं "मग तेच वापरत जाऊ" असं म्हटलं. वापरावं, हरकत नाही. पण ते केल्याच्या क्षणी फोनमधली प्रत जाते आणि वरची प्रत एकुलती एक उरते. फोटो ॲपमध्ये पूर्वीसारखेच दिसत राहतात, त्यामुळे काही बदललंय असं वाटत नाही. त्यानंतर महिन्याभरानं कुणी ॲपमध्ये साफसफाई केली, तर जे पुसलं जातं ते शेवटचं. आधी वेगळ्या डिस्कवर प्रत, तिची तपासणी, आणि मग जागा मोकळी, हाच क्रम.

१० मे

नक्कल करण्याची पद्धत ठरवली. अँड्रॉइड फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शन्समधून यूएसबी डीबगिंग चालू करायचं, केबल लावायची आणि कॅमेऱ्याचा फोल्डर लॅपटॉपवर ओढायचा :

```
adb pull -a /sdcard/DCIM/Camera ./kaka/
```

यातल्या `-a` मुळे फाइलची तारीख टिकते. फोटोच्या आतली वेळ तशीही बदलत नाही, पण व्हिडिओ आणि स्क्रीनशॉटच्या बाबतीत फाइलची तारीखच कधी कधी एकमेव धागा असते. काम झालं की डीबगिंग बंद करून मगच फोन मालकाच्या हातात द्यायचा.

यानंतर लॅपटॉपवरच प्रत्येक फाइलचा ठसा, म्हणजे तिच्या आतल्या मजकुरावरून निघणारा आकडा, काढून यादी करायची. कचरापेटीतून वाचवलेले दुपारचे फोटोही याच फोल्डरमध्ये ठेवले आहेत, म्हणजे यादीत ते येतात. मग सगळं डिस्कवर :

```
cd kaka
find . -type f ! -name 'yadi*' -exec sha256sum {} + > yadi-2025-05-10.sha256
cd ..
rsync -av --ignore-existing kaka/ /media/disk1/kaka/
```

आणि डिस्कवर जाऊन ताडून बघायचं :

```
cd /media/disk1/kaka
sha256sum -c --quiet yadi-2025-05-10.sha256
```

काहीच छापलं नाही, म्हणजे सगळ्या फाइली बिनचूक उतरल्या. एखादी अर्धवट आली असेल, तर तिच्या नावापुढं FAILED येतं. नुसती फाइलींची संख्या जुळवून हे कळत नाही, कारण कॉपी मध्येच तुटली तरी नाव तयार झालेलं असतं आणि मोजणीत ते धरलं जातं.

`rsync` वरून आज बराच वेळ चर्चा झाली. गटातल्या एका मुलीनं स्वतःच्या कामासाठी लिहिलेली स्क्रिप्ट आणली होती, तिच्यात `--delete` होतं. तिचं म्हणणं सरळ होतं : "दोन्हीकडे सारखंच असायला हवं ना? नाहीतर डिस्कवर जुना कचरा साचत जाईल." तिच्या कामात ते योग्यच आहे. इथं मात्र आम्ही उदाहरण घेऊन चाललो. समजा आज काकांचा फोल्डर लॅपटॉपवर पूर्ण आहे. उद्या कुणी त्यातले दुपारचे चार फोटो चुकून काढले आणि संध्याकाळी स्क्रिप्ट चालली. `--delete` असेल तर डिस्कवरचेही ते चार जातात आणि स्क्रिप्ट काम यशस्वी झाल्याचं सांगते, कारण दोन्हीकडे आता सारखंच आहे. महाशिवरात्रीच्या रात्री फोनमध्ये जे घडलं, ते आपण स्वतःच्या हातानं डिस्कवर बांधलं असं होईल. `--delete` नसेल, तर ते चार डिस्कवर तसेच राहतात.

`--ignore-existing` चं कारण दुसऱ्या बाजूचं आहे. लॅपटॉपवरची फाइल खराब झाली किंवा कुणी संपादन करून त्याच नावानं साठवली, तर ती डिस्कवरच्या चांगल्या फाइलवर चढू नये. या पर्यायानं डिस्कवर एकदा गेलेल्या नावाला पुन्हा हात लागत नाही. म्हणूनच यादीच्या नावात तारीख घातली आहे. नाहीतर दुसऱ्या वेळची नवी यादी डिस्कवर पोचलीच नसती.

कचरा साचेल हे तिचं म्हणणं खरं आहे. साचू दे. आपल्या एकूण फोटोंना लागणारी जागा डिस्कच्या मानानं थोडी आहे.

१५ मे

सकाळचे फोटो. काकांची मुलगी सुट्टीला पुण्याहून आली आहे. तिनं २०१९ साली वापरलेला फोन घरातल्या कपाटात होता. चार्जर लावून बराच वेळ ठेवल्यावर सुरू झाला. त्या दिवशी काका घरच्या ग्रुपवर फोटो टाकत होते, ते या फोनच्या व्हॉट्सअॅप फोल्डरमध्ये उतरलेले आहेत. जुना अँड्रॉइड असल्यानं जागाही जुनी :

```
/sdcard/WhatsApp/Media/WhatsApp Images
```

नव्या फोनमध्ये हाच फोल्डर `Android/media/com.whatsapp` च्या आत असतो. पुढच्या घरांसाठी हे लक्षात ठेवायचं.

हा फोन कोणत्याही खात्याशी फोटो जुळवत नव्हता. म्हणून काकांनी पुसलेलं इथवर पोचलं नाही. या फोल्डरची प्रत आधी घेतली, फोन त्यानंतरच इंटरनेटला जोडू दिला.

मिळालेलं मूळच्या तोडीचं नाही, हे स्पष्ट लिहून ठेवायला हवं. व्हॉट्सअॅपनं फोटो लहान केलेले आहेत, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल. मारुतीच्या अंगावरची पाण्याची रेघ दिसते, पण मागच्या पायऱ्या मोजता येत नाहीत. फाइलच्या आतली वेळ पूर्ण पुसलेली आहे. नाव IMG-20190804-WA0031.jpg अशा धर्तीचं आहे, त्यातून तारीख कळते, तास-मिनिटं नाहीत. तारीखही व्हॉट्सअॅपवर आल्याची, काढल्याची नव्हे.

त्यावर मुलीनंच उपाय सुचवला. ग्रुपमधलं संभाषण त्या फोनवर अजून आहे आणि प्रत्येक फोटोखाली पाठवल्याची वेळ आहे. फोटो पाठवण्याआधी काढलेला असणार, म्हणजे पाण्याची ती पातळी त्या वेळी किंवा तिच्या आधी आलेली होती, इतकं खात्रीनं म्हणता येतं. ती आणि काका दुपारभर बसले. एक वेळ वाचायचा, दुसरा यादीत फाइलपुढं लिहायचा. मधे काका थांबून सांगत होते, "हा बघ, हा टाकला आणि लगेच समोरच्यांनी हाक मारली, माल वर घ्या म्हणून." ते वाक्यही त्या ओळीपुढं लिहून घेतलं आहे.

नोंदवहीत या फोटोंचा रकाना वेगळा ठेवला : 'वेळ : पाठवल्याची, काढल्याची नाही'. मूळ फाइलींत मिसळायचे नाहीत.

१८ मे

पंचवटीतल्या एका वहिनींकडे आयफोन. तिथं आयक्लाउड फोटोज चालू आहे आणि तेही सिंकच आहे. आयपॅडवर पुसलेला फोटो आयफोनवरूनही जातो. 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये मुदत ३० दिवसांची, म्हणजे काकांना मिळाली त्याच्या निम्मी.

त्यांच्या फोनवर Optimise iPhone Storage चालू होतं. म्हणजे फोनमध्ये बऱ्याच फोटोंच्या लहान आवृत्त्या आणि मूळ फाइली आयक्लाउडवर. अशा फोनला केबल लावून नक्कल केली, तर लॅपटॉपवर थोडेच फोटो येतात आणि बाकीचे का आले नाहीत ते कुणी सांगत नाही. वहिनींना फोनमध्ये सगळे दिसत असतात, त्यामुळे त्यांना सगळे गेले असंच वाटतं. म्हणून icloud.com वरून पुराच्या दिवसांचे फोटो निवडून मूळ स्वरूपात उतरवले आणि फोनमधल्या त्या दिवसांच्या फोटोंशी एकेक करून ताडले. सगळे मिळाले.

२४ मे

दुसरी डिस्क आली. तिच्यावर पहिल्या डिस्कवरून नव्हे, लॅपटॉपवरूनच नक्कल केली आणि त्याच यादीनं तपासली. पहिल्या डिस्कवर न दिसलेला दोष असता, तर तो दुसरीवर उतरायला नको.

डिस्क कुठं ठेवायच्या यावर फार बोलावं लागलं नाही. काकांनी एक आपल्या दुकानाच्या कपाटात ठेवायची तयारी दाखवली होती. पण जिथं पाणी येतं, त्याच इमारतीत पुराच्या फोटोंची प्रत कशी ठेवायची? एक डिस्क इंदिरानगरात गटातल्या मुलीकडे, दुसरी नाशिकरोडला माझ्याकडे. दोन्ही एका वेळी एकाच लॅपटॉपला जोडायच्या नाहीत, हेही ठरलं. एका चुकीच्या आदेशाच्या किंवा व्हायरसच्या टप्प्यात दोन्ही एकदम येऊ नयेत.

मग परत आणण्याची तालीम. इंदिरानगरची डिस्क तिच्याच लॅपटॉपला लावली, काकांचा फोल्डर रिकाम्या जागी उतरवला आणि काकांना म्हटलं, ४ ऑगस्टची दुपार शोधून दाखवा. त्यांनी फोटो उघडले, तपशिलात वेळ दिसते का ते पाहिलं. एका व्हिडिओला आवाज नव्हता. मूळ फाइल तपासली, तिथंही नव्हता. नक्कल बरोबर होती.

काकांच्या रोजच्या वापरासाठी जे ठरलं ते त्यांनीच आपल्या अक्षरात कागदावर लिहून गल्ल्यामागं चिकटवलं. गुगल फोटोजचा बॅकअप चालूच राहणार, कारण फोन हरवला तर तोच कामी येणार. दर महिन्याला मुलगी किंवा आमच्यापैकी कुणी केबलनं नक्कल घेणार आणि यादी तपासणार. ती तपासून झाल्यावरच Free up space. फोटोज ॲपमधलं साधं डिलीट फक्त नको असलेल्या फोटोंसाठी, आणि कचरापेटी हातानं रिकामी करायची नाही. फोन सारखा भरतो तो मुख्यतः व्हॉट्सअॅपवरच्या शुभ सकाळच्या चित्रांनी आणि व्हिडिओंनी. ते व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमधल्या Manage storage मधून काढायचे, म्हणजे कॅमेऱ्याच्या फोटोंना धक्का लागत नाही.

बाकी काम : सराफ बाजारातली दोन घरं आणि दहीपुलाजवळचं एक दुकान. तिघांनाही आज फोन करून सांगितलं, की आम्ही येईपर्यंत फोनमधलं काही काढू नका, आणि याआधी काही काढलं असेल तर त्याची तारीख आठवून ठेवा. सराफ बाजारातल्या एका घरी एप्रिलच्या शेवटी साफसफाई झाली आहे, फोन अँड्रॉइड आहे. उद्या सकाळी पहिल्यांदा तिथं जायचं.